सातशे रुपयांची बादली आणि बाबांचा हिशेब

आमच्या घरी गाडीवरून जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नसेल. २०२३ च्या श्रावणात आम्ही डिझेल एसयूव्ही घेतली. निम्मे पैसे बाबांच्या निवृत्तीच्या रकमेतले होते, त्यामुळे निर्णय चुकला तर तो फक्त माझा चुकणार नव्हता. पेट्रोल मॉडेलपेक्षा डिझेलचं मॉडेल दीड लाखाने महाग होतं. “मायलेजमध्ये वसूल होतील,” असं मी ठामपणे सांगितलं आणि बाबांनी सही केली.

गाडी घरी आली त्या दिवशी बाबांनी डिझेलच्या झाकणाशेजारचं निळं झाकण पाहिलं. “हे काय?”

“डीईएफ. युरियाचं पाणी. ते संपलं तर गाडी चालू होत नाही.”

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे डिझेल वेगळं आणि हे वेगळं? मग वाचलं काय?”

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. मध्ये एक चूकही केली, आणि ती करण्याआधी कुणीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहितोय.

आधी हे पाणी कशाला लागतं ते सांगतो. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते आणि तापमान खूप वाढतं. म्हणूनच ते पेट्रोलपेक्षा कमी इंधनात जास्त चालतं. पण त्याच तापमानाला हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. बीएस-४ मध्ये डिझेल कारला हे वायू किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि ती मर्यादा ८० वर आली. इंजिन थंड चालवून हे वायू कमी करता येतात, पण मग मायलेज जातं. दुसरा मार्ग असा, की इंजिन नीट गरम चालू द्यायचं आणि धूर बाहेर पडायच्या आत धुवायचा. धुराच्या नळीत युरियाचं द्रावण फवारलं की उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि तो पुढच्या कॅटॅलिस्टवर त्या वायूंचं साधं नायट्रोजन आणि पाणी करतो. म्हणजे डीईएफ डिझेलमध्ये मिसळत नाही आणि जळतही नाही. त्याची टाकी वेगळी, नळी वेगळी.

आता खर्चाचं. मी नोकरीने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिल्या दिवसापासून शीटमध्ये नोंदी ठेवल्या. मार्च २०२४ मध्ये डीईएफ कमी असल्याची पहिली सूचना आली, तेव्हा दहा लिटर भरलं. पुढची सूचना त्याच पातळीला बरोबर एका वर्षाने आली आणि त्या काळात गाडी ९,६०० किलोमीटर चालली होती. म्हणजे हजार किलोमीटरला साधारण एक लिटर. रोजच्या शहरातल्या फिरण्यात ते थोडं कमी जातं. दिवाळीत बडोद्याहून रत्नागिरीला गेलो, गाडीत सहा माणसं आणि टपावर सामान, तेव्हा पट्टी बरीच भरभर उतरली. इंजिनावर भार जास्त पडला की वायू जास्त होतात आणि फवारा वाढतो, त्यात बिघाड काही नाही.

एका रविवारी बाबांना शेजारी बसवून आकडे मांडले. आमच्या बडोद्यात पेट्रोल आणि डिझेलच्या भावात फरक थोडाच आहे, म्हणून पेट्रोल ९५ आणि डिझेल ९० धरलं. आमची गाडी सरासरी १६ देते. तीच गाडी पेट्रोलवर चालवणारा माझा मित्र १२ सांगतो. ९,६०० किलोमीटरला त्याचं पेट्रोल ८०० लिटर, म्हणजे ७६,००० रुपये. आमचं डिझेल ६०० लिटर, म्हणजे ५४,०००. वाचले २२,०००. त्यातून डीईएफची दहा लिटरची बादली वजा केली, ७०० रुपये.

बाबांनी कागद जवळ ओढला. “सातशेच? वर्षाचे?”

“वर्षाचे. किलोमीटरला सात पैसे.”

“मग हे मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?”

खरं उत्तर असं, की मलाही माहीत नव्हतं. डीईएफचा भाव उद्या दुप्पट झाला तरी वर्षाला १,४०० होतील आणि बचत वीस हजारांवर राहील. डिझेल घ्यावं की नाही हे डीईएफवर ठरत नाही. ते ठरतं त्या दीड लाखावर. वर्षाला २१,३०० निव्वळ वाचत असतील तर दीड लाख फिटायला सात वर्षं लागतात. माझा एक मावसभाऊ कामासाठी वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर चालवतो, त्याचे तीन वर्षांच्या आत फिटतील. आमच्यासारख्या घराला सात वर्षं. “मायलेजमध्ये वसूल होतील” हे खरंच होतं, पण कधी ते मी सांगितलं नव्हतं. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून खिशात ठेवली एवढंच.

आता माझी चूक. मार्च २०२४ मध्ये दहा लिटरची बादली ७०० ला आणि वीस लिटरची १,२०० ला मिळत होती. दोनशे वाचतात म्हणून मी मोठी घेतली. दहा लिटर गाडीत ओतलं आणि उरलेलं झाकण लावून मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर ४३ अंश असताना पत्र्याखाली किती होत असेल, याचा मी विचारच केला नाही.

पुढच्या मार्चमध्ये सूचना आली तेव्हा बादली काढली. काठावर पांढरे स्फटिक जमले होते आणि झाकण उघडताच डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. युरियाचं पाणी आहे, वास येणारच, असं म्हणून मी ते ओतलं. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर डीईएफच्या गुणवत्तेची सूचना लागली आणि किलोमीटर उलटे मोजले जाऊ लागले. शून्य झाल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होणार नव्हती.

सर्विस सेंटरमधल्या मेकॅनिकने टाकीतून दोन थेंब घेऊन रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकले आणि मला डोळा लावून बघायला सांगितलं. रेषा ३६ च्या वर होती.

“साहेब, ही साडेबत्तीसला पाहिजे,” तो म्हणाला. “कुठे ठेवली होती बादली?”

मी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी, हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. या प्रमाणाला द्रावण सगळ्यात कमी तापमानाला, उणे ११ अंशांना गोठतं, आणि गाडीचा संगणक फवाऱ्याचं माप याच प्रमाणावर काढतो. आयएसओ २२२४१ या मानकात फक्त पाऊण टक्क्याच्या आतबाहेर चालतं. माझं झाकण नीट बसलं नव्हतं, त्यामुळे पाणी उडून युरिया दाट झाला. शिवाय उष्णतेने युरियाचा अमोनिया आधीच सुटू लागला होता, तोच तो वास. दाट द्रावण फवारलं गेलं की नळीत पांढरा थर धरतो आणि नोझल चोंदतं. माझं नोझल थोडक्यात वाचलं. टाकी रिकामी करणं, धुणं, नवं द्रावण आणि मजुरी मिळून ५,२०० रुपये झाले. दोनशे वाचवायला गेलो आणि सात वर्षांच्या डीईएफचे पैसे घालवले.

साठवणीचे आकडे मी त्यानंतर वाचले. बंद डबा सतत २५ अंशांपर्यंत राहिला तर दीड वर्ष टिकतो. ३० अंशांत एक वर्ष, ३५ अंशांत सहा महिने. त्याच्या वर असेल तर मुदत सांगताच येत नाही, वापरण्याआधी तपासावं लागतं. म्हणजे बडोदा, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर या गावांच्या उन्हाळ्यात शेड, गच्ची किंवा गाडीची डिकी या जागा बादचच. डब्यावर उत्पादनाची तारीख आणि बॅच नंबर असतो. तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल, किंवा दुकानदाराने माल उन्हात मांडला असेल, तर मी आता घेत नाही. टाकीच्या तोंडावर थोडे पांढरे कण दिसले तर घाबरू नका, तो वाळलेला युरिया असतो, साध्या पाण्याने पुसला जातो. पण डबा फुगला असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल तर तो टाकीत ओतू नका.

माझा हा पराक्रम ऐकून गावाकडचे काका फोनवर म्हणाले, “अरे, युरियाचं पोतं आहे शेतावर. घोळ पाण्यात, कशाला सातशे घालवतोस?” काकांना नाही म्हणणं अवघड असतं, पण इथे म्हटलं. शेतीच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो जमिनीसाठी चांगला, पण या टाकीसाठी घाण. त्यात नळाच्या पाण्यातला चुना आला की कॅटॅलिस्टवर तो बसतो आणि परत निघत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यातूनही हे द्रावण ओतू नये, धातू त्यात उतरतो. डब्याबरोबर येणारी प्लास्टिकची नळी पुरते.

आता आमची पद्धत सोपी आहे. सूचना आली की एकच दहा लिटरची ताजी बादली आणायची आणि त्याच दिवशी सगळी ओतायची. घरात काही उरतच नाही, त्यामुळे साठवणीचा प्रश्नही येत नाही. हे काम आता बाबा करतात. बादली आणली की आधी चष्मा लावून तारीख वाचतात, मग निळं झाकण उघडतात, आणि पावती त्या घडी केलेल्या कागदाबरोबर ठेवतात. त्या कागदाच्या मागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे: “२०३० पर्यंत गाडी विकायची नाही.”