‘छान झालं’च्या पुढे

डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धांचे दिवस. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला सिंदखेड राजाच्या जिजाऊंची. घराघरात मुलं आरशापुढे उभी राहून पाठांतर करतात आणि मग मैत्रिणीला विचारतात, ‘कसं झालं गं?’ मैत्रीण ‘छान’ म्हणते, नाहीतर ‘फार भरभर बोललीस’ म्हणते. पहिल्या उत्तराने काही सुधारत नाही. दुसरं खरं असतं, पण भरभर का झालं ते त्यातून कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी नववीतली मुलगी आणि तिची वर्गमैत्रीण आमच्या ओट्यावर सराव करत होत्या. मैत्रिणीचा विषय लोणार सरोवर, वेळ चार मिनिटं. घरी उर्दू बोलणारी ती मुलगी मराठीत पहिल्यांदाच स्पर्धेत उतरत होती. कुणीतरी तिच्या उच्चारांना हसलं होतं, म्हणून नाव मागे घ्यावं असं तिच्या मनात चाललं होतं. अशा वेळी खोटी स्तुती करावीशी वाटते. मी मुलीला सांगितलं, निकाल देऊ नकोस, तुला जे ऐकू आलं त्यावरून प्रश्न विचार.

तिचा पहिला प्रश्न मांडणीचा होता. ‘मला पाणी गुलाबी झालं ते आठवतंय, दैत्यसूदनाचं देऊळ आठवतंय. पण शेवटी आम्ही काय करावं असं तुला म्हणायचं होतं?’ मैत्रीण चमकली. ‘अगं, सरोवरात कचरा टाकू नका, हेच तर सांगायचं होतं! पण बेल वाजेल म्हणून ते घाईत उरकलं.’ ऐकणाऱ्याने आपल्याला आठवलेलं परत सांगायचं आणि विचारायचं, तुला हेच पोहोचवायचं होतं का? यात दोष काढावा लागत नाही, पण काय पोहोचलं नाही ते उघडं पडतं.

दुसरा प्रश्न बोलण्याच्या पद्धतीचा. ‘तू कुठून घाई करायला लागलीस?’ दोघींनी मोबाइलवर वेळ लावून पुन्हा म्हणून पाहिलं. ‘आदरणीय व्यासपीठ, गुरुजन वर्ग, मी जे चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकावे’ इथपासून एका शेरापर्यंत पन्नास सेकंद गेले होते. म्हणजे जीभ वेगवान नव्हती, सुरुवातच लांबली होती. ‘सावकाश बोल’ म्हटलं असतं तर भाषण चार मिनिटांच्या बाहेर गेलं असतं. तिने नमन एका वाक्यावर आणलं, शेर काढला आणि वाचलेला वेळ शेवटाला दिला.

तिसरा प्रश्न श्रोत्यांचा. ‘समोर बसलेल्यांपैकी लोणार कुणी पाहिलंय?’ शाळा मेहकर तालुक्यातली, बहुतेकींची सहल तिथे जाऊन आलेली. मग ‘लोणार हे बुलढाणा जिल्ह्यात आहे’ कशाला सांगायचं? त्याऐवजी ‘सहलीला गेलात तेव्हा काठावर काय पडलेलं दिसलं?’ असं तिने घातलं. मात्र २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी का झालं, हे पाचवीच्या मुलींना कळायला हवं होतं. तिथे ‘हॅलोआर्किया’ एवढाच शब्द होता. ‘पाणी कमी झालं, खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग पाण्याला आला’, असं तिने सोपं केलं.

राहिले उच्चार. ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायची. माझ्या मुलीने एवढंच विचारलं, ‘कोणता शब्द म्हणताना तू स्वतःच अडखळतेस?’ मैत्रिणीने ‘सूक्ष्मजीव’ दाखवला, तोच त्यांनी तोडून तोडून दहादा म्हटला. ‘पानी’ तर आमच्या वऱ्हाडी शेजारणीही म्हणतात आणि ते सगळ्यांना कळतं. अर्थ अडतो तिथे प्रश्न विचारावा. केवळ घरची बोली ऐकू येते तिथे विचारू नये. परीक्षक शुद्ध उच्चारांना गुण देणार असतील तर ते आधी सांगून ठेवावं, पण लाज वाटेल असं नाही.

या प्रश्नांनाही मर्यादा आहेत. ‘तुला नाही वाटत का की शेवट कंटाळवाणा होता?’ हा प्रश्न नव्हे, प्रश्नाचा बुरखा घातलेला टोमणा आहे. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर खरंच ऐकायचं असलं पाहिजे. ‘मला मुद्दामच तसं थांबायचं होतं’ असं उत्तर आलं, तर ‘मग तो थांबा मला विसरल्यासारखा वाटला’ एवढं सांगून निर्णय बोलणारीवर सोडावा. एका सरावाला दोन-तीन प्रश्न पुरे. मांडणीचा प्रश्न निदान आठवडाभर आधी विचारावा, कारण भाषण बदलून पुन्हा पाठ करायला दिवस लागतात. स्पर्धेच्या सकाळी एकच विचारावा, ‘पहिलं वाक्य म्हणून दाखवतेस?’