शेरू, तुझे आभार

शेरू गेला. पिकलं पान होतं. घरातच, आईच्या पायाशी, झोपेत गेला.

वर्षभरापूर्वी तो एकाएकी फार पाणी पिऊ लागला आणि रात्री बाहेर सोडा म्हणून दाराशी उभा राहू लागला. म्हाताऱ्या कुत्र्यात ही मूत्रपिंड थकल्याची खूण असू शकते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. बरं होणारं दुखणं नव्हे, पण सांभाळता येतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ठरवून दिलेलं खाणं सुरू झालं, पाण्याचं भांडं कायम भरलेलं ठेवलं आणि एक दिवसाआड सलाईन आम्ही घरीच देऊ लागलो. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरायची, सुई तिच्याखाली सरकवायची. तिथे पाण्याचा फुगवटा यायचा आणि काही तासांत जिरायचा. शेरू तोवर आईच्या मांडीवर हनुवटी टेकून निवांत पडायचा. या वर्षात त्याने किती विश्वासाने आमच्या हाती स्वतःला सोपवलं!

बाबा गेल्यानंतर आईला रोज संध्याकाळी घराबाहेर काढलं ते त्यानेच. त्याच्यामुळे तिला गल्लीत मैत्रिणी मिळाल्या. त्या आजही तिला फिरायला बोलवायला येतात. शेरू, हे तुझं देणं आहे. आम्ही तुझे ऋणी आहोत.