कार्यभार सोपविताना

माझ्या जागी येणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारले, "काका, हे सगळे कुठे लिहून ठेवले आहे का?" मी मोठ्या ऐटीत टेबलावरील वहीकडे बोट दाखविले. तिने चार पाने चाळली आणि अदबीने वही मिटून ठेवली. तिला काहीच उमगले नव्हते, आणि त्यात तिचा दोष नव्हता. जे काम मी वर्षानुवर्षे रोज सकाळी करीत आलो, त्याचे टिपण मी केवळ स्वतःपुरते लिहिले होते. म्हणून निवृत्तीपूर्वीचे शेवटचे दोन आठवडे मी ते नव्याने लिहिण्यात घालविले. ते लिहिताना जे आठवले, ते त्या टिपणात मावले नाही.

काम सांगावयास सोपे आहे. आमची सोयाबीनचे तेल काढणारी गिरणी. तिच्या दारात रोज सकाळी त्या दिवशीचा खरेदीभाव फळ्यावर लागतो आणि तो पाहून व्यापारी आपले ट्रक आमच्याकडे वळवितात. हा भाव ठरविण्यासाठी माळव्यातील आठ मंड्यांचे आदल्या दिवशीचे आकडे संगणक सकाळी नऊ वाजता सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतो. प्रत्येक मंडीचे आकडे चार: आवक, किमान भाव, कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव, म्हणजे ज्या भावाने अधिकात अधिक माल विकला गेला तो. गेल्या पाच दिवसांच्या मधल्या भावापेक्षा सर्वसाधारण भाव तीन टक्क्यांहून अधिक सरकला, की आमच्या फोनवर इशारा वाजतो. फळ्यावरचा भाव मात्र जवळच्या दोन मोठ्या मंड्यांच्या सरासरीवर बेततो.

आता इशारा वाजला म्हणजे बाजार हलला, असे समजू नये. सप्टेंबर उतरता उतरता नवा माल येऊ लागतो, आणि मध्येच एखादी सर येऊन गेली की शेतकरी शेंगा जेमतेम वाळवून माल मंडीत आणतात. सोयाबीनमध्ये ओलावा बारा टक्क्यांपर्यंत असावा, असा दंडक आहे. अठरा-वीस टक्के ओलाव्याचा माल आला, की लिलावात त्याला साहजिकच कमी बोली लागते. किमान भाव घसरतो, आणि असा माल पुष्कळ असेल तर सर्वसाधारण भावही त्याच्या मागोमाग जातो. इशारा वाजतो, पण बाजार जागच्या जागी असतो. हे ओळखण्याची खूण कमाल भावात आहे. वाळलेल्या, चोख मालाला कालचाच भाव मिळत असेल, तर पडला तो माल, बाजार नव्हे. कमाल भावही तितकाच उतरला असेल, तर मात्र फळ्यावरचा भाव बदलण्यास उशीर करू नये. ही ओळ मी टिपणात तांबड्या शाईने लिहिली आहे. का, ते पुढे सांगतो.

काही चुका केवळ हाताच्या असतात. कोणी ४५६० च्या जागी ५४६० लिहितो, आणि सर्वसाधारण भाव कमाल भावाच्याही वर जाऊन बसतो. कोणी क्विंटलचा आकडा टनाच्या रकान्यात भरतो, आणि आवक एका रात्रीत दसपट होते. अशी ओळ बाजूला काढावी, तिचा हिशेबात उपयोग करू नये. पण ती आपण दुरुस्त मात्र करू नये. खरा आकडा काय असावा हे आपल्याला कळते, असा भ्रम मला बरीच वर्षे होता.

त्या भ्रमाची किंमत मी २०२३ च्या ऑक्टोबरात मोजली. एखाद्या मंडीचा आकडा आला नाही, तर आलेखात खड्डा दिसे, आणि तो पाहून मालक प्रश्न विचारीत. म्हणून संगणकाला मीच सांगून ठेवले होते, की आकडा न मिळाल्यास आदल्या दिवशीचा घ्यावा. त्या आठवड्यात जवळच्या दोन मंड्यांपैकी एकीचे आकडे चार दिवस चढलेच नाहीत. माझ्या तक्त्यात मात्र तिथला भाव रोज ४,६४० रुपये क्विंटल असा ठाकठीक उभा होता. दुसऱ्या मंडीचा भाव हळूहळू उतरत ४,४२० वर आला, आणि चौथ्या सकाळी तिचा इशारा वाजलाही. मी म्हणालो, पहिली मंडी शांत आहे त्या अर्थी हा ओल्या मालाचा प्रकार असावा. कमाल भाव पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. पाहिला असता, तर तोही उतरलेला दिसला असता.

पहिल्या मंडीतही प्रत्यक्षात ४,४२० च्याच आसपास सौदे होत होते. सरासरीमुळे आमचा फळा क्विंटलमागे एकशे दहा रुपयांनी चढा राहिला. दुपारी बाहेर आलो, तो फाटकापासून चौकापर्यंत ट्रकांची रांग! आमच्या इतका भाव कोणी देतच नव्हते. त्या एका दिवशी दोन हजार क्विंटल माल आत आला. म्हणजे दोन लाख वीस हजार रुपये अधिक गेले. आधीच्या तीन दिवसांचा हिशेब मी केला, पण कोणाला दाखविला नाही. मालक रागावले नाहीत, आणि तेच अधिक लागले.

तेव्हापासून खड्डा हा खड्डाच राहतो. भाव आणि आवक दोन्ही सलग दोन दिवस तंतोतंत तीच आली, तरीही इशारा वाजतो, कारण दोन दिवस मंडीत टनाटनाने सारखाच माल यावा असे सहसा घडत नाही. शिवाय रोज साडेनऊला, बाजार हलो न हलो, "आठपैकी इतक्या मंड्या आल्या" एवढा एक संदेश येतो. तो आला नाही, तर संगणकच निजला आहे असे समजून आडत्यांना फोन लावावा. त्यांचे क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर आहेत. दिवाळीत मंड्या अनेक दिवस बंद असतात आणि प्रत्येकीच्या सुट्ट्या निराळ्या. ती यादी हातानेच, आडत्यांना विचारून करावी लागते. संगणकाला पंचांग कळत नाही.

आठही इशारे एकदम वाजले तर? मुलीनेच हे विचारले. सर्व मंड्या अगदी सारख्याच टक्क्यांनी सरकल्या असतील, तर आपल्या सूत्रात घोळ आहे; कमीअधिक सरकल्या असतील, तर वर्तमानपत्र उघडावे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. पुढल्या दिवसांत एकामागून एक मंड्यांचे इशारे वाजू लागले, तेव्हा मी अर्धा तास सूत्रे तपाशीत बसलो होतो.

एक रकाना तिला कोडे वाटला: "वायदा". २०२१ च्या डिसेंबरात सोयाबीनचे वायदे स्थगित झाले, आणि त्यात अखेरच्या दिवसाचा भाव पुढे कित्येक आठवडे तसाच दिसत राहिला. तेव्हाच मी शहाणा व्हावयास हवे होते. आता तो रिकामा आहे. पुसून टाकू का, असे तिने विचारले. मी नको म्हणालो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी, पावणेदहाला, माझा फोन वाजला. "काका, साडेनऊचा संदेश आलेला नाही. कचेरीत रात्रीपासून वीज नव्हती, संगणक बंद पडला आहे. पाच आडत्यांशी बोलले, तीन उरलेत. छावणीवाले फोन उचलत नाहीत, त्यांचा दुसरा नंबर आहे का?"

दुसरा नंबर माझ्या डोक्यात होता. टिपणात लिहावयाचा राहून गेला होता.