अम्मींच्या ब्लाऊजचा नवा रंग

मोठ्या भाचीचा निकाह ठरला तेव्हा तिने नानीच्या लोखंडी पेटीतली एकच वस्तू मागितली. अम्मींचा गुलाबी सुती ब्लाऊज. गळ्याभोवती आणि बाह्यांवर चंदेरी टिकल्या, टिकल्यांच्या रांगेला जरीच्या धाग्याची कड, आणि मधून गेलेली हिरव्या पानांची वेल. टिकल्यांचे काम कारागिराचे, पण वेल अम्मींनी लग्नाआधी स्वतःच्या हाताने भरलेली. पानांमधली पांढरी फुले मात्र नंतरची. जुनी फुले झिजली म्हणून आपाने ती बारा-तेरा वर्षांपूर्वी मशीनच्या धाग्याने पुन्हा भरली होती.

कापड धड होते, रंग गेलेला होता. गुलाबी उडून फिकट झाला होता आणि काखेत पिवळट डाग पडले होते. भाचीला तो गडद वाइन रंगात हवा होता. "खाला, रंगवून द्या ना, टिकल्या मात्र तशाच हव्यात," एवढेच तिने सांगितले.

आम्ही दोघी बहिणी लगेच हो म्हणालो नाही, त्याला कारण होते. भाभीचा टिकल्यांचा एक कुर्ता एकदा रंगवायला बाहेर दिला होता. उकळत्या भांड्यातून तो परत आला तेव्हा रंग सुरेख चढला होता, पण प्रत्येक टिकली तळलेल्या पापडासारखी वळली होती आणि वरची चांदी निघून खाली मळकट प्लास्टिक दिसत होते. त्यात दोष कुणाला द्यायचा? टिकली कशाची आहे हे आम्ही सांगितले नव्हते, आणि आम्हालाही ते माहीत नव्हते.

म्हणून या वेळी रंगाआधी तपासणी. ब्लाऊजच्या आतल्या बाजूला, शिवणीत दबलेल्या टिकल्या असतातच. त्यांतल्या चार काढल्या. एक कोमट पाण्यात, म्हणजे बाळाला आंघोळ घालतो तितक्या गरम पाण्यात टाकली, एक त्याहून बऱ्याच गरम पाण्यात आणि एक नुकत्याच उकळलेल्या पाण्यात. कोमट पाण्यातली जशीच्या तशी राहिली. दुसरी किंचित वाकली. तिसरीची पाच मिनिटांत वाटी झाली. चौथी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर ठेवली आणि मग पांढऱ्या कापडावर अंगठ्याने घासली. ही परीक्षा फार महत्त्वाची, कारण टिकलीची चमक बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ थराची असते आणि सोडा ॲल्युमिनियम खातो. वरचे लाखेचे आवरण शाबूत असले तर थर वाचतो, झिजलेले असले तर कापडावर करडा डाग उमटतो. आमच्या कापडावर काही उमटले नाही. जरीच्या धाग्याचा तुकडाही असाच पास झाला. (पणजीच्या काळातल्या कपड्यांवर जिलेटिनच्याही टिकल्या असतात. त्या पाण्यात विरघळतात, तेव्हा फार जुना कपडा असेल तर ही परीक्षा आधी साध्या पाण्यातच करावी.)

म्हणजे उकळणे बाद. सुती कापडासाठी थंड पाण्यात चढणारा रिॲक्टिव्ह रंग मिळतो, बाटिक आणि बांधणी करणारे तोच वापरतात. हे रंग 1956 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने बाजारात आणले. इतर रंग धाग्यात शिरून बसतात, हा सुताशी रासायनिक गाठच मारतो. सोडा घातला की कोमट पाण्यातही ती गाठ बसते. आणि आमच्या कामाची गोष्ट अशी की ही गाठ सुताशी आणि रेयॉनशी बसते, पॉलिएस्टर, प्लास्टिक आणि काचमण्यांशी बसत नाही. टिकली टिकलीच्या रंगाची राहते. कापडच पॉलिएस्टर असते तर मात्र आम्ही हात लावला नसता. त्याला लागणारा रंग उकळत्या पाण्याशिवाय चढत नाही, आणि टिकल्यांचे काय होते ते भाभीच्या कुर्त्यावर पाहिलेच होते.

आता धागे. उलट्या बाजूने प्रत्येक रंगाचा धागा बोटभर काढून चिमट्यात धरून जाळला. फुलांचा पांढरा धागा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला, म्हणजे पॉलिएस्टर. तो पांढराच राहणार. वेलीचा हिरवा धागा, ज्याला अम्मी आजवर 'रेशीम' म्हणत आल्या, कागदासारखा भुरभुर जळला आणि मऊ राख राहिली. खरे रेशीम केस जळल्यासारखे वासते. हे रेयॉन होते, आणि रेयॉन हा रंग सुतापेक्षाही हावरेपणाने पितो.

इथे आम्ही अडलो. वाइन रंगात ब्लाऊज बुडवला तर हिरव्या पानांवर लाल चढून ती कॉफीच्या रंगाची होणार. कारण रंग पारदर्शक असतो, जुन्या रंगावर झाकण घालत नाही, त्यात मिसळतो. अम्मी म्हणाल्या, "उसवून टाका, मी पुन्हा भरून देते." त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन होऊन चारच महिने झाले होते. आम्ही काही बोललो नाही, पण उसवायचे नाही हे दोघींच्याही मनात एकाच वेळी ठरले.

मग उलटा विचार केला. भाचीला कोणता रंग हवा हे बाजूला ठेवून, वेलीला कोणता रंग सोसेल? गुलाबीवर निळा चढला तर जांभळा होतो. हिरव्यावर निळा चढला तर मोरपंखी. पाने पानेच राहतील. प्रश्न एवढाच की किती निळा.

याचे उत्तर शिवणीतल्या मायेने दिले. जुने शिंपी माया सढळ हाताने सोडत. बाजूच्या मायेतून अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या तीन पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीला हिरव्या धाग्याचा एक तुकडा बांधला. दहा ग्रॅम निळा रंग अर्धा लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरला, आणि बाळाच्या औषधाच्या सिरिंजने तीन वाट्यांत पाव, अर्धा आणि एक मिलिलिटर घातला. म्हणजे कापडाच्या वजनाच्या एक, दोन आणि चार टक्के रंग. मीठ-सोडा तिन्हींत सारखाच. पट्ट्या धुऊन, पूर्ण वाळवून पाहिल्या. ओल्या पट्टीवर निर्णय घेऊ नये, ओला रंग नेहमी गडद दिसतो. एक टक्क्यात काखेचा डाग झाकेल असे वाटेना. चार टक्क्यात जांभळा भरदार आला, पण हिरवा धागाही इतका गडद झाला की हातभर अंतरावरून वेगळा दिसेना. दोन टक्क्यात दोन्ही रंग वेगळे होते. भाचीला तीन पट्ट्या दाखवल्या. तिने जरा वेळ तोंड वाकडे केले आणि मधली उचलली.

ब्लाऊज अस्तरासकट 150 ग्रॅम भरला. अस्तर सुती असेल तर तेही रंग पिते, म्हणून वजनात धरावेच लागते. दोन टक्के म्हणजे तीन ग्रॅम रंग, म्हणजे बाटलीतले 150 मिलिलिटर. लोखंडी हुक आधी काढले. आदल्या दिवशी ब्लाऊज कोमट साबणाच्या पाण्यात दोनदा धुऊन कांजी आणि तेलकटपणा काढला. पाण्याचा थेंब टाकला तर कापडाने तो लगेच शोषला पाहिजे, थेंब गोल उभा राहिला तर तिथे रंगाचा ठिपका पडतो. पाणी फिल्टरचे घेतले. आमच्या भिंगारकडे बोअरचे पाणी जड आहे, त्यात सोडा पडला की पाणी गढूळ होते आणि टिकल्यांवर पांढरी साय बसते.

प्लास्टिकच्या टबात तीन लिटर कोमट पाणी, 120 ग्रॅम साधे मीठ आणि मोजलेला रंग. ब्लाऊज उलटा करून ओलाच सोडला आणि वीस मिनिटे हातानेच हलवत राहिलो. काठीने ढवळले तर टिकल्यांचे टाके तुटतात, आणि न हलवता ठेवले तर घडीच्या जागी पट्टा उमटतो. मग 30 ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून तीन वेळा थोडा थोडा घातला, दर वेळी ब्लाऊज बाजूला उचलून. सोडा कोरड्या पावडरीचा घ्यावा. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असते. खाण्याचा सोडा चालत नाही. त्यानंतर आणखी एक तास. हातमोजे दोघींनी घातले होते, आणि कोरडी पूड उघडताना नाकावर ओला दुपट्टा बांधला होता. ही पूड श्वासात गेली तर पुढे कायमचा त्रास जडू शकतो. टब आणि चमचे पुन्हा स्वयंपाकघरात नेले नाहीत.

ब्लाऊज बाहेर काढला आणि आपा मटकन खाली बसली. पांढरी फुले निळी झाली होती. टिकल्यांवरही निळी झाक होती. पण ती गाठ न बसलेल्या रंगाची नुसती वस्ती होती. एरवी असा सुटा रंग काढायला कपडा जवळजवळ उकळत्या पाण्यात धुतात. आम्हाला ती सोय नव्हती, म्हणून उष्णतेचे काम वेळेकडून करून घेतले. चार वेळा गार पाणी, मग कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचे लिक्विड घालून रात्रभर भिजत, सकाळी पुन्हा तसेच. पिळले एकदाही नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले. दुसऱ्या दिवशी दुपारी फुले पांढरी झाली. ओला पांढरा रुमाल ब्लाऊजवर दहा मिनिटे दाबून ठेवला तेव्हा त्यावर अगदी पुसट निळे उमटले. म्हणून आणखी एक रात्र भिजवला.

सावलीत आडवा टाकून वाळवला. इस्त्री फक्त उलट्या बाजूने, जाड टॉवेलवर, कमी तापवून, आणि टिकल्यांची जागा सोडून.

सगळेच मनासारखे झाले असे नाही. उजव्या काखेत नीट पाहिले तर डागाची कड अजून दिसते. बाह्यांची शिवण कधीतरी पॉलिएस्टरच्या दोऱ्याने दुरुस्त केली होती, ती जांभळ्यावर गुलाबीच राहिली. आणि ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता ते असे की टिकल्या ज्या दोऱ्याने टाकल्या होत्या तो सुती निघाला. आता प्रत्येक चंदेरी टिकलीच्या मधोमध निळा ठिपका आहे. भाचीला वाटते ते मुद्दाम केले आहे. आम्हीही तिला तसेच वाटू दिले.

अम्मींनी चष्मा लावून वेलीवरून बोट फिरवले, एक एक पान मोजल्यासारखे. मग म्हणाल्या, "हुक कुठे आहेत? ते मी लावते." हुक त्यांनीच लावले. पहिले तीन-चार धूत ब्लाऊज वेगळाच धुवायचा आणि पांढऱ्या कपड्यांजवळ ठेवायचा नाही, एवढे भाचीला बजावून तो तिच्या बॅगेत ठेवला. उरलेल्या दोन पट्ट्या वहीत टाचून ठेवल्या आहेत, खाली टक्के लिहून.