पेपर गेला, सहामाही वाचली

गावोगाव हिंडताना एखादा बाप हळूच बाजूला घेऊन सांगतो, "साहेब, पोराचा पेपर गेला. कॉलेज सोडतो म्हणतोय." अशा वेळी मला १९८९ साल आठवतं.

मी बी. एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फेब्रुवारीत आबा अंथरुणाला खिळले आणि ज्वारी काढणीला आली. तीन आठवडे मी घरीच राहिलो. पुढं परीक्षेत मृदशास्त्राचा पेपर आठ गुणांनी गेला. निकाल हाती आला तेव्हा नवी सहामाही सुरू झाली होती. ती सोडून हाच एक विषय करावा, असं मनानं घेतलं.

आमच्या प्राध्यापकांनी एकच विचारलं, "हजेरी कमी पडली की गुण?" हजेरी कमी असती, तर तो विषय पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला असता. नुसते गुण कमी असतील, तर फेरपरीक्षा होती. बत्तीस तासांपैकी माझे सहा बुडाले होते. हजेरी ८१ टक्के भरली, लागत होती ७५. कार्यालयात जाऊन मी आधी अर्जाची शेवटची तारीख लिहून घेतली आणि अर्ज भरून टाकला. या विषयावाचून पुढचा कोणता विषय अडतो का, तेही विचारलं. अडत नव्हता. मग सहामाही सोडायचं कारणच उरलं नाही.

मित्राची तारखा घातलेली वही आणली. बुडालेले सहाही तास क्षारयुक्त आणि चोपण जमिनीचे होते, आणि पेपरात मी कोरे सोडलेले प्रश्नही तेच! म्हणजे बत्तीस नव्हे, सहा तासांचं काम होतं.

हातात पाच आठवडे होते. पहिला आठवडा मी वही उतरवण्यात घालवला. वही मिटली की मात्र काही आठवेना. मग रीत बदलली. रोज रात्री तासभर वही मिटून जुन्या पेपरातलं एक उदाहरण सोडवायचं आणि नंतर ताडून बघायचं. मातीची धनभार धरून ठेवण्याची क्षमता ४०, त्यात सोडियम ८, तर सोडियमचा वाटा किती? २० टक्के. १५ च्या वर, म्हणजे चोपणकडे झुकलेली. जिथं अडलो तेवढंच सरांना विचारलं.

एकदा या अभ्यासापायी चालू वर्गाचा तास बुडवला. सर म्हणाले, "जुनं भगदाड बुजवायला नवं पाडतोस काय?" पुन्हा तसं केलं नाही.

फेरपरीक्षेत पास झालो आणि सहामाहीही वाचली.

तुमच्या घरी पेपर गेला असेल, तर पोराला रागावण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात पाठवा. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात. हजेरी, अर्जाची तारीख आणि पुढं अडणारा विषय, एवढं त्यानं कागदावर लिहून आणावं. पेरणी मोडायची की नांगे भरायचे, ते त्यावरून ठरवा.