ऑइलचं खातं, किलोमीटर आणि तारखेसकट

मुलुंड ते अंधेरी, पवईवरून जाणारा तो जोडरस्ता, आणि डॅशबोर्डवर सरासरी वेग ताशी 17 किलोमीटर! हा आकडा मी रोज बघत होतो, पण त्याचा ऑइलशी काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. या पावसाळ्यात ते कोडं उलगडलं आणि तेव्हापासून भेटेल त्या गाडीवाल्याला मी हेच सांगत सुटलोय.

सुरुवात झाली ती गाडीच्या स्क्रीनवर Service required असं झळकलं तेव्हा. ऑइल तर नुकतंच बदललं होतं! झालं होतं एवढंच की गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलले, पण रिमाइंडर रीसेट करायचा राहिला. मग मॅन्युअल उघडलं. माझी गाडी ह्युंदाईची, सीएनजीवाली. तिच्यात User Settings मध्ये Service Interval नावाचा पर्याय आहे. तिथे किलोमीटर आणि महिने आपण स्वतः ठरवायचे आणि नवीन सर्व्हिस झाली की OK बटण सेकंदभरापेक्षा जास्त दाबून धरायचं. बस्स! आकडा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.

म्हणजे ही यंत्रणा ऑइलकडे बघतच नाही! निदान माझ्या गाडीत तरी तो निव्वळ मोजणारा काटा आहे. ऑइल न बदलता बटण दाबलं तरी तो खूश, आणि ऑइल बदलून बटण दाबलं नाही तरी तक्रार चालूच. त्याच पानावर आणखी एक ओळ सापडली: बॅटरीची केबल काढली किंवा बॅटरी उतरली, तर उरलेले किलोमीटर आणि दिवस चुकीचे दिसू शकतात. पावसाळ्यात सोसायटीत उभ्या असलेल्या किती गाड्यांच्या बॅटऱ्या उतरतात, हे उपनगरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता खरी गंमत. ऑइल बदललं 8 जूनला, 31,420 किलोमीटरवर. बटण दाबायला गेलो तेव्हा मीटरवर 31,910 होते. आता दाबलं की गाडी मोजणार 31,910 पासून, मधले 490 किलोमीटर हवेत! कारण तिची मोजणी बटण दाबल्या क्षणापासून सुरू होते. तेव्हाच मी Fuelio हे अ‍ॅप घेतलं. त्यात सर्व्हिसचा खर्च जुन्या तारखेने आणि जुन्या रीडिंगने टाकता येतो आणि आठवण किलोमीटरवरही लावता येते, तारखेवरही. ऑइलचा ग्रेड, फिल्टर बदलला की नाही, ड्रेन प्लगचा वॉशर नवा की जुना, सगळं टिपणात लिहून ठेवलं.

मुदत किती ठेवायची? छापील नियम 10,000 किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. पण मॅन्युअलात खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो. त्यात सिग्नलला तिष्ठत चालणारी गाडी, छोट्या फेऱ्या, धूळ हे सगळं येतं आणि माझ्या गाडीला मुदत निम्मी होते. ताशी 17 ने 10,000 किलोमीटर म्हणजे इंजिनाचे जवळजवळ 590 तास. हायवेवर ताशी 60 ने तेच अंतर 170 तासांच्या आतच. किलोमीटर सारखे, पण ऑइलने सोसलेली उष्णता कितीतरी पट! मी 5,000 आणि सहा महिने लावले. म्हणजे 36,420 किंवा 8 डिसेंबर. महिन्याला साधारण 600 किलोमीटर धरले, तर डिसेंबरपर्यंत 3,600च होतात, म्हणजे आधी तारीखच येणार. नुसत्या किलोमीटरवर विसंबणाऱ्याला हे कळणारच नाही.

आमचे मिस्त्री डिपस्टिक पुसून दाखवतात, ‘‘बघा, अजून पिवळंधमक आहे, कशाला बदलताय?’’ सीएनजीत काजळी फार कमी होते, म्हणून ऑइल काळं पडत नाही. पण उष्णतेने ते जुनं होत राहतंच, त्यातली अ‍ॅडिटिव्हजही संपत जातात, आणि यातलं काहीच रंगावरून कळत नाही. सीएनजीवाल्यांनी तर रंगावर अजिबात जाऊ नये!

अ‍ॅपची एक अट मात्र आहे: त्याला मीटर दिसत नाही, रीडिंग आपणच द्यायचं. ते दिलं नाही तर किलोमीटरची आठवण झोपून राहते, तारखेची तेवढी वाजते. पण सीएनजी असल्यामुळे हे आपोआप जमतं. दर थोड्या दिवसांनी पंपावर रांग असतेच, रांगेत असतानाच मी मीटरवरचं रीडिंग टिपतो. आपला नंबर आला की गाडीतून उतरावंच लागतं. मग बाहेर पडून किलो आणि पैसे टाकले की नोंद पूर्ण. मायलेजही सोबत मिळतं. गाडी अधूनमधून पेट्रोलवर चालते, त्यासाठी दुसरी टाकीही लावता येते.

आता त्यात सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचीही तारीख टाकलीय. ती दर तीन वर्षांनी करावी लागते, गाडी कितीही चालो, म्हणून तिथे किलोमीटरचा रकाना रिकामा सोडलाय.