अग्गञ्ञ सुत्तात डार्विन शोधू नका

मागच्या वर्षावासात एका विहारात आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले की उत्क्रांतीचा सिद्धांत दीघ निकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात आधीच आहे. बारावीतल्या एका मुलीने विचारले, "मग त्यात माकड कुठं आहे?" घरी येऊन सुत्त पुन्हा वाचले आणि आम्हाला आमचीच लाज वाटली.

कारण हीच चूक इतरांनी केली की आम्ही हसतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी, म्हणून पुराणे वैज्ञानिक, असे सांगतात. पण पुराणांच्याच हिशोबाने त्या दिवसातली १९७ कोटी वर्षेच उलटली आहेत! जुळवायचा आकडा हा होता, तो जुळत नाही म्हणून अख्खा दिवस घेतला. ४५४ कोटी हा आकडा मात्र उल्कांमधल्या शिशाच्या मोजमापातून आला. युरेनियमचे शिसे ठरावीक वेगाने होते, ते कोणीही पुन्हा मोजू शकतो.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोटाच्या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीचा दुजोरा पाहिला. त्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, तरी त्यांना ही जोडणी रुचली नाही. धर्म आणि भौतिकशास्त्र यांची गल्लत नको, असे त्यांचे मत होते.

आता आमचे सुत्त. त्यात आभस्सर लोकातले तेजस्वी जीव पृथ्वीवर येतात, तिचा रस चाखतात, लोभ वाढतो, तेज जाते आणि शरीरे जड होतात. ही वरून खाली घसरण आहे. डार्विनच्या सिद्धांतात घसरणही नाही आणि ठरलेले ध्येयही नाही. जीवांत लहान फरक पडतात, परिस्थितीत टिकणारे फरक पुढच्या पिढीत जास्त उतरतात, एवढेच. दोन्ही एक कसे म्हणायचे?

मग सुत्त टाकायचे का? मुळीच नाही. ते वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळातल्या दोघांना सांगितले आहे. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, या दाव्यावर बुद्ध म्हणतात की ब्राह्मण स्त्रियाही गर्भार राहतात, बाळंत होतात, हे सर्वांना दिसते. वर्ण माणसांच्या कामाच्या वाटणीतून झाले, हा त्या कथेचा मुद्दा. डार्विन चिकटवला की नेमका हाच मुद्दा झाकला जातो.

जे तर्काला धरून आहे तेच बुद्धवचन मानता येईल, ही कसोटी बाबासाहेबांनी आम्हाला दिली. ती दुसऱ्यांच्या पुराणांना लावायची आणि आपल्या सुत्ताला नाही, असे चालणार नाही. पुढच्या वर्षावासात त्याच विहारात आम्ही आपली चूक सांगणार आहोत.

जयभीम!